पाचगणीचा किलोमीटर

पाचगणीच्या डोंगरमाथ्यावर एकमेकांपासून बरोबर 1,000 मीटर अंतरावर दोन खांब आहेत असं समजा. टोटल स्टेशनने नीट काळजी घेऊन मोजलं, की आडवं अंतर 1,000 मीटर येतं. आता त्याच दोन खांबांवर जीएनएसएस रिसीव्हर ठेवा, दोन्हींचे यूटीएम निर्देशांक घ्या आणि त्या आकड्यांवरून अंतर काढा. उत्तर येईल 999.61 मीटर. किलोमीटरमागे तब्बल 39 सेंटिमीटर कमी. यंत्र बरोबर आहे, मोजणाऱ्याचा हात बरोबर आहे, गणितही बरोबर आहे. तरी अंतर जुळत नाही, कारण हे दोन किलोमीटर दोन वेगळ्या पृष्ठभागांवरचे आहेत. एक जमिनीवरचा, दुसरा नकाशाच्या कागदावरचा.

हाच प्रयोग मुंबईत केला तर गंमत उलटी होते. तिथे जमिनीवरचा किलोमीटर यूटीएमच्या नकाशावर सुमारे 23 सेंटिमीटर जास्त भरतो. म्हणजे एकच पद्धत, एकच पट्टा, आणि एका गावी अंतर आखडतं तर दुसऱ्या गावी ताणलं जातं. शहराचा नकाशा पाहताना किंवा गावांमधलं अंतर काढताना याने काही बिघडत नाही. पण 2 किलोमीटरची जलवाहिनी आखायची असेल, इमारतींचे पाये जमिनीवर उतरवायचे असतील किंवा गुंठ्यांच्या हिशेबात क्षेत्रफळ काढायचं असेल, तर बिघडतं. पाचगणीत यूटीएमवर काढलेलं क्षेत्रफळ दर 100 हेक्टरमागे सुमारे पावणेआठ गुंठे कमी येतं. पाचगणीत पावणेआठ गुंठे म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

या दुखण्यावर एक जुना आणि पक्का उपाय आहे. कामाच्या जागेपुरतं, त्या जागेच्या मध्याशी आणि त्या जागेच्या उंचीशी बांधलेलं स्वतःचं नकाशा-प्रक्षेपण तयार करायचं. हे सांगायला सोपं आणि करायलाही तितकंच सोपं आहे. मात्र त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय नाही, याबद्दल अनुभवी माणसांचाही गोंधळ होताना मी पाहतो. म्हणून पाचगणीचंच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

आधी हे 39 सेंटिमीटर कुठे गेले ते पाहू. ते दोन ठिकाणी गेले, आणि जवळजवळ निम्मे-निम्मे.

पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर आणायचा तर कुठेतरी ताणावं किंवा आखडावं लागतंच. यूटीएममध्ये जगाचे उत्तर-दक्षिण 60 पट्टे केले आहेत, प्रत्येक पट्टा 6 रेखांशांचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे सर्वांसाठी खुले असलेले नकाशे 2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर याच पद्धतीवर आले. महाराष्ट्राचा बराचसा भाग 43व्या पट्ट्यात येतो. हा पट्टा 72 ते 78 अंश पूर्व रेखांशांचा आहे, आणि त्याची मधली रेषा 75 अंशांची, अहिल्यानगर जिल्ह्यातून जाणारी. विदर्भाचा पूर्वेकडचा भाग पुढच्या, 44व्या पट्ट्यात जातो. एवढ्या रुंद पट्ट्यात कडांना अंतरं फार ताणली जाऊ नयेत म्हणून यूटीएमच्या रचनाकारांनी मधल्या रेषेवरच सगळं मुद्दाम 0.9996 पट केलं. तिथे किलोमीटरमागे 40 सेंटिमीटर आखडतात. मधल्या रेषेपासून दूर जावं तसा हा आकडा वाढत जातो, साधारण 180 किलोमीटरवर तो बरोबर 1 होतो आणि त्यापुढे 1 च्या वर जातो. मुंबई त्या पलीकडे आहे, म्हणून तिथे अंतर ताणलं जातं. पाचगणी मधल्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे 127 किलोमीटरवर आहे. तिथे हा मापनगुणक 0.99980 भरतो. किलोमीटरमागे 20 सेंटिमीटर गेले ते असे.

उरलेले 19 सेंटिमीटर उंचीने नेले. नकाशाचं सगळं गणित पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारावर चालतं. त्याला एलिप्सॉइड म्हणतात. तो समुद्रसपाटीच्या जवळपास असतो. पाचगणी त्याच्या कितीतरी वर आहे. दोन खांबांवरून दोन ओळंबे सोडले तर ते एकमेकांना समांतर नसतात, दोन्ही पृथ्वीच्या पोटाकडे झुकतात. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्याजवळ एकमेकांच्या जवळ आणि धावेजवळ लांब असतात, तसंच हे आहे. डोंगरावरचं 1,000 मीटर अंतर खाली एलिप्सॉइडवर उतरवलं की ते 999.81 मीटर होतं. यूटीएमचं गणित आधी हे खाली उतरवण्याचं काम मुकाट्याने करतं आणि मग पुन्हा 0.99980 ने गुणतं. दोन्ही मिळून 999.61.

उंचीचा हा भाग सहज दिसत नाही, कारण नकाशाच्या पुस्तकांत विकृतीची जी चित्रं असतात ती सगळी आडव्या पसाऱ्याची असतात. सह्याद्रीत काम करणाऱ्याने मात्र आधी उंची पाहावी असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण पुढे आकड्यांतच दिसेल.

आता उपाय. समजा पाचगणी गाव आणि आसपासच्या डोंगरमाथ्यावर मिळून साधारण 4 किलोमीटर लांब-रुंद चौकोनात पाण्याच्या वाहिन्या आणि सांडपाण्याच्या नाल्या आखायच्या आहेत. कामं सगळी माथ्यावर आहेत, खोऱ्यात उतरत नाहीत. या जागेसाठी प्रक्षेपण ठरवायचं.

पहिली गोष्ट मध्य. चौकोनाच्या मध्याजवळचा सोपा गोल आकडा घ्यायचा: 17.92 अंश उत्तर, 73.80 अंश पूर्व. मध्य अगदी नेमका असण्याची गरज नाही. शे-दोनशे मीटर इकडेतिकडे झाल्याने काहीच बदलत नाही, पण आकडा लक्षात राहणारा हवा, कारण तो पुढची अनेक वर्षं अनेक लोक टंकणार आहेत.

दुसरी गोष्ट प्रक्षेपणाचा प्रकार. ट्रान्सव्हर्स मर्केटर घ्यावं. योहान हाइनरिश लँबर्टने ते 1772 मध्ये मांडलं आणि यूटीएम त्याच घराण्यातलं आहे, त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरला आणि प्रत्येक रिसीव्हरला ते येतं. पूर्व-पश्चिम लांबलचक जागेला लँबर्टचं शंकू-प्रक्षेपण अधिक शोभतं, तिरक्या लांब जागेला तिरपं मर्केटर. पण 4 किलोमीटरच्या चौकोनात या तिघांतला फरक कोणत्याही यंत्राला मोजता येणार नाही. तेव्हा निवडीवर वेळ घालवू नये. जे सर्वांच्या यंत्रात आहे ते घ्यावं.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची, मध्यावरचा मापनगुणक. इथेच उंचीचे 19 सेंटिमीटर परत मिळवायचे असतात. सूत्र एवढंच:

```
k_0 = 1 + h / R
```

यात h म्हणजे जागेची सरासरी उंची आणि R म्हणजे त्या अक्षांशावरची पृथ्वीची त्रिज्या. पाचगणीच्या अक्षांशावर ती 6,360.8 किलोमीटर धरता येते. उंची मात्र एलिप्सॉइडपासूनची हवी. आपण रोज जी उंची बोलतो ती समुद्रसपाटीपासूनची असते, आणि पश्चिम महाराष्ट्रात एलिप्सॉइडचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या सरासरी पातळीच्या 60-70 मीटर वर आहे. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर रिसीव्हरची कच्ची उंची उणे साठच्या आसपास दिसते आणि नवखा माणूस गोंधळतो. नकाशावरची 1,290 मीटर उंची सरळ सूत्रात टाकली तर चूक किलोमीटरमागे सेंटिमीटरभराची होईल. फार नाही, पण फुकटची. तेव्हा रिसीव्हरची एलिप्सॉइडपासूनची उंची घ्यावी. आपल्या जागेची सरासरी 1,220 मीटर आली असं धरू. 1,220 ला 63,60,800 ने भागलं की 0.000192. म्हणून k_0 झाला 1.000192. सहा दशांश स्थळं पुरेत. सहाव्या स्थळातला 1 म्हणजे किलोमीटरमागे 1 मिलिमीटर.

याचा अर्थ आपण कागदच उचलून पाचगणीच्या पातळीवर नेला. आता जमिनीवरचे 1,000 मीटर निर्देशांकांतही 1,000 मीटरच येतील.

चौथी गोष्ट आरंभबिंदूचे आकडे. मध्याला शून्य-शून्य दिलं तर पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बिंदूंना उणे आकडे येतात आणि उणे चिन्ह कागदावरून कागदावर जाताना हमखास गळतं. मध्याला पूर्व दिशेचा आकडा 10,000 आणि उत्तर दिशेचा 50,000 द्यावा. मग या जागेतला प्रत्येक पूर्व आकडा 8,000 ते 12,000 मध्ये पडेल आणि प्रत्येक उत्तर आकडा 48,000 ते 52,000 मध्ये. कोणी दोन रकाने उलटे भरले तर लगेच कळेल. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे हे आकडे यूटीएमसारखे दिसत नाहीत. पाचगणीचे यूटीएम आकडे पूर्वेला सुमारे 3,72,900 आणि उत्तरेला सुमारे 19,81,700 असे लांबलचक असतात. दोघांची गल्लत व्हायची शक्यताच उरत नाही.

हे सगळं एका ओळीत लिहिता येतं. क्यूजीआयएसमध्ये स्वतःच्या प्रक्षेपणांसाठी जी खिडकी असते तिथे ही ओळ टाकली की काम झालं:

```
+proj=tmerc +lat_0=17.92 +lon_0=73.8 +k_0=1.000192
+x_0=10000 +y_0=50000 +datum=WGS84 +units=m
+no_defs +type=crs
```

(इथे जागेअभावी ती तीन ओळींत मोडली आहे, टंकताना सलग टंकावी.) लगेच पहिली तपासणी करावी. 73.80 पूर्व, 17.92 उत्तर हा बिंदू या प्रक्षेपणात आणला तर उत्तर बरोबर 10,000 आणि 50,000 आलं पाहिजे. याच्या बाजूला फक्त ओळ न ठेवता तिच्यातले सगळे आकडे शब्दांत लिहून ठेवावेत, कारण रिसीव्हरच्या हातातल्या यंत्रात ते एकेक करून भरावे लागतात आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्रात रकान्यांची नावं वेगळी असतात.

आता विकृती किती उरली ते पाहू. कागद मध्यावर जमिनीला टेकला आहे. मध्यापासून 2 किलोमीटर पूर्वेला गेलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा फरक किलोमीटरमागे मिलिमीटरचा विसावा हिस्सा. मोजताच येणार नाही इतका. तो किलोमीटरमागे 1 मिलिमीटर व्हायला मध्यापासून तब्बल 9 किलोमीटर दूर जावं लागतं. आणि वर चढताना? केवळ 6.4 मीटर. दुमजली घराच्या उंचीएवढं वर चढलं की तेवढाच फरक पडतो जेवढा 9 किलोमीटर आडवं चालून पडतो.

ही तुलना मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते. लहान जागेत आडवा पसारा बिनमहत्त्वाचा असतो. "आमची जागा लहान आहे, मग विकृती कसली?" असं म्हणणारा माणूस आडव्या पसाऱ्याबद्दल बरोबर असतो, पण त्याची जागा डोंगरावर असेल तर त्याचं बोलणं अर्धवट ठरतं. पाचगणीच्या माथ्यावर आपली कामं सरासरी उंचीच्या 50 मीटर वर-खाली आहेत असं धरलं, तर उरलेला फरक किलोमीटरमागे जास्तीत जास्त 8 मिलिमीटर. 39 सेंटिमीटरवरून 8 मिलिमीटरवर आलो. पाण्याच्या वाहिनीला हे पुरून उरतं.

आता तपासणीतला सापळा. प्रक्षेपण तयार केल्यावर माणूस साहजिकच सॉफ्टवेअरमध्ये अंतर मोजून पाहतो. क्यूजीआयएसच्या मोजपट्टीला दोन पर्याय असतात, एक निर्देशांकांवरून सरळ अंतर आणि दुसरा एलिप्सॉइडवरचं अंतर. दोन्ही लावून पाहिले तर किलोमीटरमागे 19 सेंटिमीटर फरक दिसतो. मग वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. k_0 पुन्हा 1 केला की दोन्ही आकडे सुंदर जुळतात, आणि माणूस समाधानाने ते प्रक्षेपण कामावर पाठवतो. इथेच घात होतो. एलिप्सॉइडवरच्या मोजपट्टीला जागेची उंची माहीतच नसते. ती खालच्या पृष्ठभागावरचं अंतर सांगते, खांबांमधलं नाही. बरोबर तयार झालेल्या प्रक्षेपणात या दोन आकड्यांमध्ये फरक दिसलाच पाहिजे, आणि तो नेमका उंचीच्या हिशेबाएवढा, म्हणजे पाचगणीत 19 सेंटिमीटर, असला पाहिजे. ते जुळले तरच काळजी करावी.

गूगलच्या उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी. ती चित्रं ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणात येतात, त्याच्या निर्देशांकांवरून या अक्षांशावर सरळ अंतर काढलं तर किलोमीटरमागे 50 मीटरहून जास्त फुगवटा येतो. प्रकल्पाची फाइल EPSG:3857 वर राहून गेली आणि क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढलं, असा घोळ होतो तो याचमुळे.

खरी तपासणी जमिनीवरच होते. साधारण किलोमीटरभर अंतरावरचे, जवळपास सरासरी उंचीचे दोन खांब निवडा, टोटल स्टेशनने आडवं अंतर मोजा, आणि त्याच खांबांच्या नव्या निर्देशांकांवरून काढलेल्या अंतराशी ताडून पाहा. पण टोटल स्टेशनला हवेचा दाब आणि तापमान सांगायला विसरू नका. पाचगणीत हवेचा दाब साधारण 870 हेक्टोपास्कल असतो, समुद्रकिनाऱ्यावर 1,013. विरळ हवेत प्रकाश किंचित वेगाने जातो आणि यंत्राला हे माहीत नसेल तर ते अंतर कमी सांगतं. केवळ दाबामुळे किलोमीटरमागे सुमारे 4 सेंटिमीटर कमी. कोकणात वापरलेलं यंत्र तसंच घाटावर आणलं की ही चूक हमखास होते, आणि दोष मात्र प्रक्षेपणावर जातो.

न जुळण्याचा स्वभाव पाहिला तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. सगळे बिंदू एकाच दिशेला तेवढेच सरकलेले असतील तर प्रक्षेपणाच्या मापाशी त्याचा संबंध नाही. तळस्थानकाचे निर्देशांक चुकले आहेत, किंवा जुन्या एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरचा नकाशा नव्या डब्ल्यूजीएस 84 वर तसाच ठेवला आहे. फरक अंतराबरोबर वाढत असेल, म्हणजे 500 मीटरला 20 सेंटिमीटर आणि किलोमीटरला 39, तर मापनगुणकात गडबड आहे, आणि 39 हा आकडाच सांगतो की कोणीतरी यूटीएममध्येच काम करतोय. फरक अंतराबरोबर वाढतोय पण रेषेच्या दिशेने न येता आडव्या दिशेने येतोय, तर उत्तर दिशा फिरली आहे. पाचगणीत यूटीएमची उत्तर आणि खरी उत्तर यांत 22 मिनिटांचा कोन आहे. ऐकायला क्षुल्लक, पण किलोमीटरभर रेषेच्या टोकाला तो 6 मीटरहून अधिक होतो. आपल्या प्रक्षेपणात मध्यावर या दोन उत्तरा एकच असतात, हा एक वाढीव लाभ.

इथे एक लोकप्रिय आडवाट सांगायला हवी, कारण ती मला धोक्याची वाटते. अनेक कार्यालयांत वेगळं प्रक्षेपण न करता यूटीएमचे आकडेच 1.000392 ने गुणतात, म्हणजे गेलेले 39 सेंटिमीटर परत येतात. अंतरं खरोखर जुळतात. पण उत्तरेचा आकडा 19 लाख 81 हजारांचा असतो. तो गुणला की बिंदू उत्तरेला सुमारे 777 मीटर सरकतो आणि पूर्वेला सुमारे 146. फाइल मात्र दिसते यूटीएमसारखीच, नावही तेच राहतं. ती कोणी दुसऱ्याने उघडली की पाचगणीची घरं खोऱ्यावर तरंगताना दिसतात. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. काही जण अधिक हुशारीने जागेच्या मधल्या एका खांबाभोवती गुणाकार करतात. मग त्या खांबाजवळ सगळं जुळतं आणि 2 किलोमीटरवर 78 सेंटिमीटर चुकतं. एवढी चूक रिसीव्हरची वाटू शकते, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं कोणाला सापडत नाही. स्वतंत्र प्रक्षेपणाचं बळ यातच आहे की त्याची पूर्ण व्याख्या लिहिलेली असते आणि त्यातून अक्षांश-रेखांशांकडे, तिथून यूटीएमकडे, कधीही, मिलिमीटरही न हरवता परत जाता येतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने नेमक्या याच विचाराने आपल्या निरनिराळ्या प्रदेशांसाठी त्यांच्या उंचीला जुळवून घेतलेली कमी विकृतीची प्रक्षेपणं अधिकृत केली आहेत. आपल्याकडे घाटमाथ्याच्या तालुक्यांसाठी असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

या उपायाला मर्यादा आहे, आणि तीही उंचीचीच. समजा उद्या हीच जलवाहिनी पसरणी घाटाने खाली वाईला न्यायची ठरली. पाचगणीहून वाई सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. आडव्या पसाऱ्याचं काहीच भय नाही. पण वाई सुमारे 570 मीटर खाली आहे. पाचगणीच्या पातळीवर उचललेला कागद वाईत जमिनीच्या 570 मीटर वर अधांतरी राहतो आणि तिथला किलोमीटर 9 सेंटिमीटर जास्त भरतो.

मग काय करावं? मधली उंची धरून k_0 काढला तर वर किलोमीटरमागे साडेचार सेंटिमीटर कमी आणि खाली साडेचार जास्त. यूटीएमपेक्षा हे दोन्हीकडे कितीतरी चांगलं, आणि एकच प्रक्षेपण असल्याचं सुख वेगळं. प्राथमिक आराखड्याला मी हेच घेईन. ब्रिटनमध्ये लंडन-ग्लासगो रेल्वेमार्गासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी मार्गाबरोबर वळणारं आणि उंचीबरोबर चढ-उतरणारं 'स्नेकग्रिड' नावाचं प्रक्षेपण तयार केलं, पण एका जलवाहिनीसाठी तेवढा खटाटोप परवडत नाही. प्रत्यक्ष बांधकामाला दोन प्रक्षेपणं करावीत: एक पाचगणीच्या माथ्याचं, दुसरं वाईच्या पातळीचं. घाटातल्या उतारावर नळांची लांबी तशीही उंचीसह तिरकी मोजून काढतात, आणि तिथे नळांच्या सांध्यांत जी सैल जागा ठेवलेली असते तिच्यात किलोमीटरमागचे चार-पाच सेंटिमीटर सहज मावतात. तेव्हा घाट अर्ध्या उंचीवर तोडावा.

तोडायची जागा मात्र जमिनीवरच्या पक्क्या खांबावर असावी, आराखड्यातल्या रेघेवर नाही. त्या खांबाला दोन्ही प्रक्षेपणांतले निर्देशांक द्यावेत आणि अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन खांबही दोन्ही यादींत ठेवावेत. दुसऱ्या प्रक्षेपणाचे आरंभीचे आकडे पहिल्यापेक्षा ठळक वेगळे असावेत, समजा पूर्वेला 30,000 आणि उत्तरेला 80,000, म्हणजे वाईचा बिंदू पाचगणीच्या फाइलमध्ये चुकून शिरला तर पाहताक्षणी ओळखू येईल. आणि प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मध्याचे अक्षांश-रेखांश, k_0, आरंभीचे दोन आकडे, डब्ल्यूजीएस 84 हे नाव, तळस्थानकाचे निर्देशांक आणि ते कोणत्या तारखेला घेतले ते लिहावं. तारीख यासाठी की भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. दहा वर्षांनी तीच वाहिनी दुरुस्त करायला येणाऱ्याला पाचगणीचे खांब उपग्रहांच्या हिशेबात अर्धा मीटर पुढे गेलेले सापडतील, आणि त्याने आधी जुन्या तळस्थानकावर रिसीव्हर ठेवून तो फरक काढून घ्यावा लागेल.